एका वांग्याची थट्टा

एप्रिल महिना आहे असं धरू. मोखाडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. शाळेच्या परसबागेत वांग्याचं एक झाड आणि झाडाला एक वांगं. खाली दोनच शब्द : 'आमची परसबाग.' पाचेक मिनिटांत शेजारच्या शाळेतल्या तरुण शिक्षकाने लिहिलं, 'वा गुरुजी! एवढ्यात अख्ख्या केंद्राचं भरीत होईल 😂'. तिघांनी हसरे चेहरे टाकले, केंद्रप्रमुखांनी अंगठा दाखवला. गुरुजी काही बोलले नाहीत. पुढे बरेच दिवस त्यांनी ग्रुपवर काही टाकलंही नाही.

प्रसंग मी रचला आहे, पण जव्हार-मोखाड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा आशाताईला तो दाखवा, अशाच एखाद्या संदेशाची आठवण निघेल. या प्रकरणात आपण हे एकच वाक्य हातात घेणार आहोत. त्याचा टोमणा कसा झाला आणि हसू न गमावता ते कसं बदलता आलं असतं, एवढं पाहायचं आहे.

आधी गुरुजींच्या बाजूने पाहू. जव्हार-मोखाड्याचा पठारी, डोंगराळ भाग पावसाळ्यात चिंब असतो, पण उतारावरून आणि कातळावरून पाणी वाहून जातं. मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवतात आणि पाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. अशा एप्रिलमध्ये शाळेच्या आवारात वांग्याचं झाड जगवायचं म्हणजे पोषण आहाराचं जेवण झाल्यावर मुलांनी हात धुतलेलं, ताटं विसळलेलं पाणी बादलीत धरून झाडाला घालायचं. शेळ्यांपासून राखायचं. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी जाऊन यायचं. हे सगळं त्या एका वांग्यामागे होतं आणि फोटोत ते दिसत नव्हतं. तरुण शिक्षकाला वांगं दिसलं, गुरुजींना बादल्या दिसत होत्या.

आता वाक्य पाहू. त्यात एकही वाईट शब्द नाही. 'वा' आहे, 'गुरुजी' असं आदराचं संबोधन आहे, वांग्याची स्तुती आहे. अडचण स्तुतीच्या मापात आहे. एक वांगं आणि अख्खं केंद्र यांत एवढं अंतर आहे की स्तुती शब्दशः घेताच येत नाही. वाचणारा मग दुसरा अर्थ शोधतो, आणि सगळ्यात जवळ सापडतो तो उलटा अर्थ : एवढंसं वांगं आणि त्याचा फोटो? आपल्या जुन्या अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हटलं आहे. स्तुतीच्या आडून निंदा किंवा निंदेच्या आडून स्तुती, दोन्ही त्यात येतात. शाळेत आपण तो अलंकार मार्कांपुरता पाठ केलेला असतो. तरुण शिक्षकाने तो न ठरवता वापरला.

त्याच्या मनात काय होतं? त्याला खरोखर कौतुक वाटलं होतं. हेच वाक्य तो गुरुजींच्या समोर, झाडाशेजारी उभा राहून, डोळे मोठे करत आणि 'अख्ख्या'वर उगाच लांब हेल काढत बोलला असता, तर गुरुजी स्वतःही हसले असते. 'अहो, केंद्राचं काय घेऊन बसलात, तालुक्याला पुरेल,' असं म्हणाले असते. कागदावर किंवा पडद्यावर तो हेल जात नाही.

हा शोध मोबाइलच्या काळातला नाही. संस्कृत काव्यशास्त्रात आवाजाच्या या वळणाला 'काकू' म्हणतात. रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितले, एक श्लेषावर उभा आणि दुसरा काकूवर. म्हणजे शब्द तेच, स्वर बदलला की अर्थ फिरतो. पुढे राजशेखराने याला हरकत घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की काकू हा वाचण्याचा, म्हणण्याचा गुण आहे, मग त्याला काव्याचा अलंकार कसं म्हणायचं? राजशेखराच्या पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणत, म्हणून हा वाद आपल्या घरातलाच समजायला हरकत नाही. मला या वादात राजशेखर अधिक पटतो. 'फार लवकर आलास' हे वाक्य लिहिलेलं असताना त्यात टोमणा आहे की नाही, हे वाक्याला स्वतःला ठाऊक नसतं. ते वाचणारा ठरवतो, आणि तो ज्या मनःस्थितीत असेल तो आवाज वाक्याला देतो.

लिहिणाऱ्याला मात्र आपलाच आवाज वाक्यात भरलेला वाटतो. अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या आणि एकाने दुसऱ्याला साध्या विषयांवरची काही वाक्यं पाठवायची, त्यांतली काही गंभीर आणि काही उपरोधाची. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की समोरचा शंभरातली अठ्ठ्याहत्तर वाक्यं बरोबर ओळखेल. आवाजातून पाठवली तेव्हा त्र्याहत्तरच्या आसपास ओळखली गेली, म्हणजे अंदाज फारसा चुकला नाही. ईमेलने पाठवली तेव्हा छप्पन्न. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नास आली असती. आपला तरुण शिक्षक या अर्थाने निष्काळजी नव्हता. त्याच्या कानात 'अख्ख्या' शब्दावरचा हेल वाजत होता, तो गुरुजींच्या कानात वाजत नाही याची त्याला कल्पनाच नव्हती.

याच प्रयोगांतून एक उपयोगी गोष्ट निघाली. वाक्य पाठवण्याआधी ज्यांना ते उलट्या स्वरात मोठ्याने वाचायला लावलं, त्यांचा फाजील विश्वास कमी झाला. ही कसोटी कुणालाही करता येते. आपला विनोद लिहून झाला की तो तुमच्यावर खार खाऊन असलेल्या माणसाच्या आवाजात एकदा म्हणून पाहायचा. मनातल्या मनात म्हणू नये, कारण मनात आपलाच आवाज पुन्हा शिरतो. 'वा गुरुजी, एवढ्यात अख्ख्या केंद्राचं भरीत होईल' हे तोंड वाकडं करून म्हणा. इतकं सहज जमतं, की जणू वाक्य त्याच आवाजासाठी लिहिलं होतं. जे वाक्य वाकड्या तोंडाने म्हणायला अवघड जातं, ते पाठवायला हरकत नाही.

आता वाक्य बदलायला बसू.

पहिला प्रयत्न बहुतेक जण असा करतील : 'वा गुरुजी! एवढ्यात अख्ख्या केंद्राचं भरीत होईल. गंमत करतोय हं, मनावर घेऊ नका.' याने काम होत नाही. वाक्याचा काटा जिथे होता तिथेच आहे, वर त्याला पट्टी बांधली आहे. 'मनावर घेऊ नका' वाचल्यावर तर मनावर घेण्यासारखं काहीतरी होतं हे पक्कं होतं. शिवाय 'हं' हे अक्षर बोलताना लाडाचं असतं, लिहिताना त्यात दटावणीही वाचता येते. 'उद्या वेळेवर या हं' हे आई लिहिते आणि साहेबही लिहितात.

दुसरा प्रयत्न अतिशयोक्ती कमी करण्याचा : 'वा गुरुजी, एका वांग्यात आमचं भरीत होईल.' हे आधीपेक्षा बरं आहे. अख्खं केंद्र गेलं, 'आमचं' आलं, म्हणजे बोलणारा स्वतः जेवायला बसला. पण 'एका' अजून आहे. गुरुजींच्या वांग्यांची मोजदाद केंद्रप्रमुखांसमोर अजून चालूच आहे. आणि 'वा' अजून सुरुवातीला आहे. लिखित मराठीत एकटा 'वा' फार झिजला आहे. 'वा रे वा', 'वा, छान', 'वा साहेब' यांतले निम्मे टोमणेच असतात. ज्याला खरंच कौतुक करायचं आहे त्याने कशाचं कौतुक ते सांगावं म्हणजे 'वा'ची गरजच उरत नाही.

तिसरा प्रयत्न इथून सुरू होतो. कौतुक कशाचं? एप्रिलमध्ये झाड जगलं याचं. मग ते सरळ, हेल न लागणाऱ्या शब्दांत लिहायचं : 'गुरुजी, एप्रिलमध्ये वांगं धरलं!' यातला प्रत्येक शब्द खरा आहे. वाकड्या तोंडाने म्हणून पाहिलं तरी वाक्य वाकत नाही, कारण शब्द आणि वस्तुस्थिती यांत अंतरच नाही. उपरोधाला ते अंतर लागतं. आता विनोद राहिला, तर तो गुरुजींच्या झाडावरून उचलून स्वतःच्या अंगणात ठेवायचा : 'आमच्या परसबागेत यंदा फक्त "परसबाग" असा बोर्ड जगलाय.'

पूर्ण संदेश असा झाला : 'गुरुजी, एप्रिलमध्ये वांगं धरलं! आमच्या परसबागेत यंदा फक्त "परसबाग" असा बोर्ड जगलाय. पाणी कसं पुरवलंत?'

या संदेशात हसू पहिल्याइतकंच आहे, मला तर थोडं जास्तच वाटतं. एक वांगं आणि अख्खं केंद्र ही जोडी कुणालाही सुचते, बोर्ड जगलाय हे परसबाग केलेल्यालाच सुचतं. अतिशयोक्तीची जागा खऱ्या तपशिलाने घेतली आणि हसण्याचा विषय लिहिणारा स्वतः झाला. शेवटचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. टोमणा मारणारा माणूस खाली खरा प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तर नको असतं. 'पाणी कसं पुरवलंत?' हे वाचल्यावर गुरुजींना बादल्यांची गोष्ट सांगायला जागा मिळते. आणि ती केंद्रप्रमुखांच्या देखत सांगायला मिळते, हे त्याहून मोठं. ग्रुपवरचा विनोद दोघांत राहत नाही. वरिष्ठ, कनिष्ठ, कालच बदलून आलेले, सगळे तो वाचतात, आणि ज्याच्यावर विनोद झाला तो आधी हे पाहतो की कोण कोण हसलं.

स्वतःवर विनोद घेण्यालाही मर्यादा आहे. तो वरच्याने घेतला तर खपतो, बरोबरीच्याने घेतला तर उत्तम. नव्या, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या शिक्षकाने तोच बोर्डाचा विनोद केला तर केंद्रप्रमुख पुढच्या भेटीत त्याला बोर्डाखालची जमीन दाखवायला सांगतील. अशा वेळी विनोद माणसांवरून काढून तिसऱ्याच कशावर तरी टाकावा : उन्हावर, शेळ्यांवर, एसटीवर. 'आमच्याकडच्या शेळीने परसबागेला सगळ्यात आधी पूर्ण गुण दिले' हे कुणाला लागत नाही. शेळी ग्रुपवर नसते.

आता त्या हसऱ्या चेहऱ्याकडे येऊ, कारण बऱ्याच जणांना वाटतं की चेहरा टाकला की काम झालं. त्याचा जन्म खरंच याच कामासाठी झाला. 1982 च्या सप्टेंबरात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर भौतिकशास्त्रातले कोड्यासारखे विनोद चालले होते. खाली कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याचा थेंब आणि पेटती मेणबत्ती असेल तर काय होईल, अशा धर्तीचे. त्यातच कुणीतरी गमतीने लिहिलं की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली होती. आधीची चर्चा न वाचलेल्या लोकांना ती खरीच सूचना वाटली. मग विनोद ओळखू यावा म्हणून खूण ठेवावी असं ठरलं आणि 19 सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी `:-)` सुचवलं. गंमत नसेल तिथे `:-(` लिहावं, असंही त्यांनी सुचवलं होतं.

पाऱ्याच्या लिफ्टला ही खूण पुरली, कारण तिथे प्रश्न खरं की गंमत एवढाच होता. वांग्याच्या बाबतीत गंमत आहे हे गुरुजींनाही कळलं होतं. गंमत कुणाची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि 😂 त्याचं उत्तर भलतंच देतं : तुमची. जोसेफ वॉल्थर आणि काइल डॅडारिओ यांनी 2001 मध्ये अशा खुणांचा परिणाम तपासला. खुणेपेक्षा शब्दांचंच वजन जास्त पडतं आणि संदेशात शब्द किंवा खूण यांपैकी काहीही एक कडू असलं तर सगळा संदेश कडवटाकडे झुकतो, असं त्यांना दिसलं. गोड खूण कडू शब्दाला गोड करत नाही. आपल्याकडे तर काही खुणांनाच दुहेरी धार आली आहे. जोडलेले हात 🙏 म्हणजे नमस्कार, आभार, आणि 'धन्य आहात, कोपरापासून दंडवत' हेही. वयाने मोठ्या माणसाला विनोदाखाली जोडलेले हात पाठवू नयेत.

खुणेची आणखी एक अडचण तिच्या जागेची आहे, ती मोखाड्याच्या बोहाड्यावरून चटकन कळते. बोहाड्यात सोंग येण्याआधी वाद्यं वाजतात, उजेड होतो, मुखवटा दिसतो, आणि मग राक्षस अंगावर धावून आला तरी पोरं किंचाळत हसतात. सोंग आहे हे आधी कळलेलं असतं. संदेशात आपण राक्षस आधी पाठवतो आणि मुखवटा वाक्य संपल्यावर. तोवर वाचणाऱ्याला जे व्हायचं ते झालेलं असतं. म्हणून गंमत करायची तर इशारा पुढे हवा, आणि तो शब्दांत हवा : 'आमची फजिती ऐका', 'आता माझी रड'. अशा चार अक्षरांनी वाचणाऱ्याचा आवाज आधीच ठरतो.

या तालुक्यांत आणखी एक गोष्ट विनोदाला आडवी येते : रेंज. अनेक पाड्यांवर मोबाइलला एका ठरावीक टेकाडावर किंवा झाडाखालीच रेंज मिळते. माणूस संध्याकाळी तिथे जातो आणि दिवसभराचे संदेश एकदम येऊन आदळतात. सकाळी आठ वाजता कुणीतरी लिहिलेलं असतं, 'घाटात गाडी बंद पडली, उशीर होईल.' त्याला गमतीचं उत्तर म्हणून कुणी लिहितं, 'सावकाश या, शाळा कुठे पळून जातेय.' मध्ये चाळीस संदेश येतात : परिपत्रक, वाढदिवस, हजेरीचा तक्ता, पुन्हा परिपत्रक. संध्याकाळी टेकाडावर उभ्या असलेल्या माणसाला शेवटून वर चढताना फक्त एवढंच दिसतं : 'सावकाश या, शाळा कुठे पळून जातेय.' कुणाला लिहिलं? तो स्वतः परवा उशिरा आला होता. झालं.

यावर उपाय साधा आहे. उत्तर देताना मूळ संदेश धरून उत्तर द्यायचं, म्हणजे तो वर चौकटीत दिसतो. आणि वाक्यात ज्याचा आहे त्याचा प्रसंग घालायचा : 'घाटात अडकलात तर सावकाश या, पोरं खेळतायत, मी बघतो दोन्ही वर्ग.' इथेही तेच झालं, मोकळं तरंगणारं वाक्य एका खऱ्या गोष्टीला बांधलं. ज्या विनोदाला समजायला वरचा संदेश लागतो, तो रेंज नसलेल्या गावासाठी अर्धवट विनोद आहे.

काही विनोद मात्र असे शब्द बदलून सुधारत नाहीत. जव्हार-मोखाड्याला बदली म्हणजे शिक्षा, हा सरकारी नोकरांतला जुना, घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे. 'काळ्या पाण्यावर आलो', 'इथे आल्यावर पाप फिटतं' वगैरे. लिहिणारा बहुधा आपल्या खात्यावर किंवा नशिबावर चिडलेला असतो. पण त्याच ग्रुपवर अंगणवाडी सेविका असते, शिपाई असतो, इथेच जन्मलेला शिक्षक असतो. त्यांच्यासाठी ही शिक्षेची जागा नाही, हे त्यांचं घर आहे. या वाक्यातला 'काळं पाणी' काढून 'लांबचं पोस्टिंग' घातलं तरी विनोदाचा कणा तोच राहतो : हे गाव म्हणजे माझं दुर्दैव. इथे कणाच बदलावा लागतो. 'पहिल्याच दिवशी घाटात एसटीतून उतरून रस्त्याकडेला बसलो. गावातल्या मुलांनी पाणी आणून दिलं. त्यांनी माझा वर्ग घेतला तो असा.' नवखेपणा, घाट आणि मळमळ तेच आहेत, गाव मात्र आता यजमान झालं.

आणि कुपोषणावरचा, भुकेवरचा विनोद कोणत्याही शब्दांत लिहू नये. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली होती. या भागात त्या विषयाला अजून घरांची नावं आहेत. 'मुलं काय खातात, हवा?' असं गमतीने लिहिणाऱ्याला ते माहीत नसेल, वाचणाऱ्याला माहीत असतं.

संबोधनाचाही एक पेच आहे. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर यांच्या बोलींत मोठ्या माणसालाही 'तू' म्हणण्याची रीत आहे, त्यात अनादर नसतो. बाहेरून आलेल्या शिक्षकाला एखादा पालक लिहितो, 'गुरुजी, तू उद्या येशील का?' शिक्षकाला गंमत वाटते आणि तो उत्तर देतो, 'आपली आज्ञा, महाराज!' त्याला वाटतं आपण छान खेळकर बोललो. पण साध्या 'तू'ला 'आपण'ने दिलेलं उत्तर म्हणजे 'तुला बोलायचं कळत नाही' असं शिकवणं झालं. पालकाच्या लक्षात आलं नाही तरी जव्हारला कॉलेजात जाणाऱ्या त्याच्या मुलीच्या ते नक्की लक्षात येतं. जाता जाता, 'महाराज' हा शब्द जव्हारात जपूनच वापरावा. तिथे मुकणे घराण्याचं संस्थान 1948 पर्यंत होतं, जय विलास राजवाडा आजही उभा आहे. तिथल्या कुणाला 'महाराज' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात खरे महाराज येतात.

मग बरोबरी दाखवायला शिक्षकानेही 'तू' लिहावं का? मला वाटतं नाही. घरातल्या माणसाच्या तोंडचा 'तू' वेगळा आणि बाहेरून आलेल्या नोकरदाराच्या तोंडचा वेगळा. सावकाराने आणि जंगल खात्याच्या माणसाने वापरलेला 'तू' या भागाने पुष्कळ ऐकला आहे. 'उद्या नक्की येतो. चहा ठेवा, मागच्या वेळी न पिता गेलो म्हणून आजी अजून बोलतेय,' एवढं पुरे. यात आदर आहे, हसू आहे आणि हसण्याचा विषय शिक्षकाचीच चूक आहे.

एवढी काळजी घेऊनही विनोद लागलाच, तर काय करायचं? व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्यापासून पंधरा मिनिटं तो दुरुस्त करता येतो. रेंज नसलेल्या गावाचा इथे एक फायदा आहे, समोरच्याने अजून पाहिलाच नसण्याची शक्यता मोठी. त्या पंधरा मिनिटांत पुन्हा वाचून बदललं तर उत्तम. नंतर तो सगळ्यांसाठी पुसता येतो, पण पुसल्याची ओळ तिथे राहते, आणि ज्याने मूळ वाक्य पाहिलं नाही तोही विचारत सुटतो की काय लिहिलं होतं. वीस जणांनी पाहून झालेला टोमणा पुसण्यापेक्षा त्याच्याखाली नीट लिहिलेलं बरं.

लागला आहे हे ओळखायच्या खुणाही ठरलेल्या असतात. एरवी लांब लिहिणारा माणूस एकदम 'ठीक आहे' किंवा 'धन्यवाद सर' एवढ्यावर येतो. एरवी 'तू' म्हणणारा 'तुम्ही'वर जातो. किंवा गुरुजींसारखा गप्प होतो. असं दिसलं तर ग्रुपवर 'अहो गंमत केली होती' लिहू नये. त्याचा अर्थ 'तुम्हाला गंमत कळत नाही' असा होतो, आणि तोही सगळ्यांसमोर. आधी फोन करावा. आवाजात ते सगळं असतं जे लिहिताना सांडलं होतं. फोनवर बोलून झाल्यावर, आणि समोरच्याची हरकत नसेल तर, ग्रुपवर एक सरळ वाक्य लिहावं. वांग्याच्या बाबतीत ते असं असतं : 'गुरुजींनी भांडी धुतलेल्या पाण्यावर एप्रिलमध्ये वांगं काढलंय, मी ते न विचारताच थट्टा केली. शनिवारी बघायला जातोय, कोण येतंय?' क्षमेचे शब्द यात नाहीत, पण काय चुकलं ते आहे, गुरुजींचं काम सगळ्यांसमोर आलं आहे आणि थट्टा करणारा त्यांच्या दारात जायला निघाला आहे.

राहिला तो उपरोध, जो मुद्दाम केलेला असतो. वैतरणा नदीवरच्या धरणांचं पाणी मुंबईला जातं. त्यातलं मध्य वैतरणा धरण तर मोखाडा तालुक्यातच आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यावरचा एखादा तरुण उन्हाळ्यात पंचायत समितीच्या ग्रुपवर लिहितो, 'आमचं पाणी मुंबईला सुखरूप पोहोचलं का? आमचा निरोप सांगा.' हे वाक्य वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्यांवर नापास होतं, वाकड्या तोंडाने म्हणता येतं, समोरच्याला लागतं. ते लागावं म्हणूनच लिहिलं आहे, तेव्हा त्याची धार कमी करायचं कारण नाही. बदलायचं तर उलट्या बाजूने बदलावं, म्हणजे ते नुसतं हसून सोडून देता येऊ नये. हसरा चेहरा काढून टाकावा. ज्या कर्मचाऱ्याच्या हातात काही नाही त्याचं नाव त्यात येऊ देऊ नये. आणि खाली पाड्याचं नाव, शेवटचा टँकर आला ती तारीख, आणि विहिरीचा आजचा फोटो जोडावा.